‘कळवतो’ म्हणालेल्या स्थळाविषयी

खानापूर, श्रावण

चि. मधू हिस आक्काचे अनेक आशीर्वाद.

परवा मावशीचा निपाणीहून फोन आला होता. गडहिंग्लजच्या स्थळाचे पुढे काय झाले आणि तुझे नाव लग्ने जुळवणाऱ्या त्याच संकेतस्थळावर घालावे की नाही, असे दोन प्रश्न तिने विचारले. आई जवळच बसली होती, त्यामुळे मला फोनवर नीट सांगता आले नाही. मावशीच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे आणि ते सविस्तर सांगितल्याशिवाय तुझ्या उपयोगी पडणार नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ते स्थळ पुढे गेले नाही. मात्र त्यांनी आम्हाला कधी नकार दिला नाही, आणि होकारही दिला नाही. मे महिन्यापासून ते आषाढ संपेपर्यंत आमच्याशी त्यांचे बोलणे इतके नम्र होते की त्यांच्याविषयी वाईट बोलायला घरात कोणाची जीभ वळत नाही. अशा स्थळाचे काय करायचे, त्यांच्या मनात काय आहे हे कशावरून ओळखायचे आणि आपण होऊन थांबायचे कधी, हे मला जसे उमगत गेले तसे तुला सांगते.

नोंदणी बाबांनीच केली होती. सुरुवातीला कित्येक आठवडे आमच्याकडे चौकशीच येत नव्हती. शिक्षण, सरकारी नोकरी, पत्रिका, फोटो असे सगळे व्यवस्थित भरलेले असूनही कोल्हापूर-सांगलीकडच्या घरांतून कोणी विचारत नव्हते, आणि ज्या विचारणा येत त्या हुबळी-धारवाडकडच्या असत. कारण नंतर कळले. कोल्हापूर-सांगलीकडचे लोक शोध घेताना राज्य म्हणून महाराष्ट्र निवडतात. आपण मराठी बोलत असलो तरी त्या यादीत आपण कर्नाटकात असतो, त्यामुळे चंदगडच्या माणसाला पुण्यामुंबईच्या मुली दिसतात आणि तासा-दीड तासावर राहणारी खानापूरची मुलगी दिसत नाही. मातृभाषेवरून शोधणाऱ्यांनाच आपण सापडतो, आणि तसे शोधणारे थोडे असतात. म्हणून आपण वाट पाहत न बसता स्वतः शोध घ्यावा, मातृभाषा मराठी ठेवून दोन्ही राज्ये निवडावीत आणि पसंतीची सूचना आपल्याकडूनच पाठवावी, असे आमच्या शाळेतल्या एका बाईंनी सुचवले. त्यांच्या धाकट्या बहिणीचे लग्न असेच जुळले होते. बाबांना मुलीकडून आधी विचारणे जरा जड गेले, परंतु गडहिंग्लजचे स्थळ मिळाले ते त्याच मार्गाने.

मुलगा मूळचा गडहिंग्लज तालुक्यातला, शिक्षणाने इंजिनियर, नोकरी पिंपरी-चिंचवडला. गावी आईवडील, चुलते आणि शेती. संकेतस्थळावरचे त्यांचे खाते त्यांच्या बहिणीचे यजमान सांभाळत होते आणि तसे तिथे लिहिलेले होते. तुझ्या वेळी ही ओळ अवश्य वाच, कारण मुलगा स्वतः बोलत आहे की त्याच्या वतीने दुसरे कोणी, यावर पुढच्या पुष्कळ गोष्टींचा अर्थ अवलंबून असतो. त्यांनी आमची सूचना स्वीकारली, दोन्हीकडून पत्रिका दिल्या गेल्या आणि त्यांच्याच गुरुजींनी पाहून छत्तीसपैकी चोवीस गुण जुळतात, नाडी एक नाही, मंगळाचा प्रश्न नाही, असे सांगितले. अठरा गुणांवर लोक समाधान मानतात, तेव्हा चोवीस म्हणजे चांगलेच. ही गोष्ट लक्षात ठेव, कारण पत्रिका पुढे पुन्हा येणार आहे.

बघण्याचा कार्यक्रम उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याच घरी झाला. मुलगा, त्याचे आईवडील, चुलते आणि बहिणीचे यजमान असे सगळे आले. आईने पोहे केले होते, बाबांनी बेळगावहून कुंदा आणला होता. माणसे खरोखर चांगली वाटली. मुलाच्या आईने माझ्या आईला स्वयंपाकघरात जाऊन हातभार लावला, चुलत्यांनी बाबांशी भाताच्या वाणांवर बराच वेळ गप्पा मारल्या. आम्हा दोघांना बोलायला मागच्या पडवीत बसवले. त्यांनी माझ्या शाळेविषयी विचारले, एका वर्गात किती मुले असतात, पावसात वाड्या-वस्त्यांवरची मुले शाळेत कशी येतात, हे लक्ष देऊन ऐकले. मी काय वाचते, स्वयंपाक येतो का, असले नेहमीचे प्रश्न त्यांनी विचारले नाहीत, याचे मला बरे वाटले.

मग मी माझा प्रश्न विचारला. तो प्रश्न या सबंध प्रकरणाच्या मुळाशी आहे, म्हणून तो तुला नीट समजावून सांगते.

मी कर्नाटक सरकारच्या मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. ही नोकरी राज्याची आहे. बदलीच्या नियमांत पती-पत्नी एका ठिकाणी राहावेत म्हणून सोय आहे, पण ती कर्नाटकातल्या कर्नाटकात. खानापूरहून पुण्याला बदली होत नाही. पुण्याला जायचे तर राजीनामा द्यायचा आणि तिकडे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, एवढाच मार्ग उरतो. मध्यंतरी वंदे भारत सुरू झाल्यापासून लोक सहज म्हणतात की बेळगाव-पुणे आता जवळ आले आहे. प्रवास सोपा झाला हे खरे आहे, परंतु ज्या बाईला सकाळी शाळेची घंटा द्यायची आहे तिला रोज काय, दर आठवड्यालाही तो प्रवास झेपणारा नाही. म्हणून मी त्यांना सरळ विचारले, की लग्नानंतर मी नोकरी सोडावी अशी आपली अपेक्षा आहे, की काही वर्षे मी इथे आणि आपण तिथे असे राहण्याची आपली तयारी आहे, की आपण कोल्हापूर-बेळगावकडे नोकरी पाहणार आहात?

त्यांनी हातातला कप बशीत ठेवला, पडवीतून आतल्या खोलीकडे, जिथे चुलते बसले होते तिकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, “तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. नोकरी तुम्ही एवढ्या कष्टाने मिळवलीय, ती सोडा असं मी म्हणणार नाही. आणि तिकडेही तुम्हाला शिक्षिकेची नोकरी मिळेलच की. बघू, काहीतरी मार्ग निघेल.”

या वाक्यांत एकही शब्द खुपणारा नाही, आणि मलाही त्या दिवशी ते उत्तर आवडले होते. पण नंतर शांतपणे विचार केला तेव्हा त्यात मी विचारलेल्या तीन पर्यायांपैकी एकही नव्हता, हे ध्यानात आले. ‘तिकडे नोकरी मिळेलच’ हा चौथा पर्याय त्यांनी जोडला, आणि तो किती खरा आहे हे मला ठाऊक होते. महाराष्ट्रात शिक्षक व्हायचे तर पात्रता परीक्षा, त्यानंतर अभियोग्यता चाचणी आणि मग पवित्र पोर्टलवरून निवड, असा क्रम आहे. ती अभियोग्यता चाचणी २०१७ मध्ये झाली, मग थेट २०२३ मध्ये आणि त्यानंतर २०२५ मध्ये. म्हणजे राजीनामा दिल्यावर परीक्षा कधी होईल याची वाट पाहत घरी बसायचे. आपल्या सीमाभागातल्या ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राने दावा सांगितला आहे, तिथल्या मराठी भाषिकांना तिकडच्या सरकारी भरतीत अर्ज करता येतो. त्यासाठी त्या गावात पंधरा वर्षे वास्तव्य असल्याचा दाखला लागतो, तो मला मिळू शकेल. परंतु दाखला मिळाल्याने फक्त अर्ज करता येतो, जागा मिळत नाही. हे सगळे मी त्यांना त्याच आठवड्यात लिहून पाठवले, तक्रार म्हणून नव्हे, तर निर्णय घेताना त्यांच्यासमोर खरी परिस्थिती असावी म्हणून. त्यावर उत्तर आले, “इतकी सविस्तर माहिती दिल्याबद्दल मनापासून आभार. घरी बोलून सांगतो.”

त्यानंतरचे दोन-अडीच महिने कसे गेले, ते सांगते. मी निरोप पाठवला की त्याच दिवशी, कधी कधी तासाभरात उत्तर येई. शाळा सुरू झाल्या तेव्हा शुभेच्छा आल्या. खानापुरात पाऊस फार झाला, मलप्रभेला पूर आला, तेव्हा घरचे सगळे सुखरूप आहेत ना अशी चौकशी आली. आईला याचे फार कौतुक होते. पण एके दिवशी मी आमचे सगळे निरोप वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचले आणि एक गोष्ट लख्ख दिसली. पडवीतल्या त्या भेटीनंतर लग्नाशी संबंध असलेला एकही प्रश्न त्यांनी मला आपण होऊन विचारला नव्हता. माझ्या रजा, माझ्या घरच्यांच्या अपेक्षा, पुण्यात कुठे राहायचे, खर्च कसा चालवायचा, काही म्हणजे काही नाही. विचारत होते ती मी, आणि ते उत्तर देत होते. ज्याला पुढे जायचे असते त्याला पुढच्या गोष्टी माहीत करून घ्याव्याच लागतात, मग तो स्वभावाने कितीही अबोल असो. उत्तर किती लवकर येते यावरून मनाचा अंदाज घेऊ नकोस, समोरून प्रश्न येतो का ते पाहा.

घरच्यांच्या पातळीवरही तसेच चालले होते. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. बघणे झाले की पसंती कळवायची, मग मुलीकडच्यांनी जाऊन मुलाचे घर पाहायचे, मग याद्या आणि साखरपुडा. पसंतीविषयी बाबांनी फोन केला तेव्हा मुलाचे वडील म्हणाले, “मुलगी आम्हाला नाव ठेवण्यासारखी नाहीच. या की एकदा घर बघायला.” आम्ही सगळे आनंदलो. बाबांनी विचारले, “कधी येऊ?” तर म्हणाले, “आता पेरणीची गडबड आहे, झाली की सांगतो.” जून संपला, बाबांनी पुन्हा फोन केला, तेव्हा रोप लावणी चालू होती. ती उरकली तर आषाढ लागला होता, आणि चुलत्यांनी सांगितले की आता आषाढात काही करायचे नाही, पुढे चातुर्मास आहे, तुळशीच्या लग्नानंतर निवांत बसून बोलू.

मधू, यातले एकही कारण खोटे नव्हते. पावसाळ्यात शेतकऱ्याच्या घरी पाहुणे बोलावणे अवघड असते, हे आपल्याला काय सांगायला हवे? परंतु चातुर्मासात लग्ने होत नाहीत, होकार देता येत नाही असे नाही. आमच्या शेजारच्या घरात गेल्याच आषाढात तोंडी होकार ठरला, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी एकमेकांना शब्द दिला आणि साखरपुडा दिवाळीनंतर केला. ज्यांना सोयरीक करायची असते ते मुहूर्ताआधी शब्द मोकळा करतात. कारण खरे असणे वेगळे आणि त्या कारणाने नेमके काय अडते हे वेगळे. रोप लावणीने घर बघण्याचा कार्यक्रम अडतो, ‘आम्ही पुढे जाणार आहोत’ हे वाक्य अडत नाही. ‘या की एकदा’ म्हणताना तारीख दिली जात नाही आणि प्रत्येक वेळी नवे कारण पुढे येते, तेव्हा ते आमंत्रण म्हणजे शिष्टाचार समजावा, असे आता माझे मत झाले आहे.

आणि मग पत्रिका पुन्हा आली. आषाढाच्या अखेरीस मुलाच्या आईने माझ्या आईला फोन करून सांगितले, की आमच्या भावकीतले एक जाणकार आहेत, त्यांना पत्रिका पुन्हा एकदा दाखवतो. आई घाबरली. तिला वाटले, काही दोष निघाला की काय. मी तिला समजावले. गुणमेलन दोघांच्या जन्मनक्षत्रावरून आणि राशीवरून होते, आणि नक्षत्रे काही बदलत नाहीत. मंगळ लग्नस्थानावरून पाहतात म्हणून जन्मवेळ चुकली तर तिथे फरक पडू शकतो, पण माझी जन्मवेळ दवाखान्याच्या कागदावरची आहे आणि तीच त्यांच्या गुरुजींनी घेतली होती. एकदा जुळलेली पत्रिका त्याच माहितीवर पुन्हा दाखवली जाते, तेव्हा शंका पत्रिकेत नसते, ती दुसरीकडे असते. आपल्या लोकांत पत्रिका ही नकार देण्याची सर्वांत न दुखावणारी जागा आहे, आणि मुलाच्या आईने ती त्याच सद्भावनेने शोधली असावी, असे मला मनापासून वाटते.

शंका कुठे आहे हे मला संकेतस्थळावरच दिसले. तिथे प्रत्येक मुलाच्या माहितीखाली त्याच्या जोडीदाराविषयीच्या अपेक्षा लिहिलेल्या असतात आणि आपल्यात त्यांतल्या कोणत्या जुळतात, त्या ओळीपुढे हिरवी खूण असते. मे महिन्यात बाबांनी ते पान छापून ठेवले होते, सगळ्या स्थळांची ठेवतात तसे. त्यात वय, उंची, शिक्षण, पोटजात, राहण्याचे ठिकाण अशा सर्व ओळींपुढे खूण होती, आणि राहण्याच्या ठिकाणापुढे ‘कोणतेही’ असे होते. आषाढात मी तेच पान पुन्हा उघडले. राहण्याच्या ठिकाणापुढे ‘महाराष्ट्र, पुणे’ असे झाले होते आणि त्या ओळीपुढची हिरवी खूण गेली होती. बाकी सगळे जसेच्या तसे.

केवळ खाते चालू दिसले म्हणून मी काही मनावर घेतले नसते. ते खाते बहिणीचे यजमान पाहत होते, त्यांनी सहज उघडले असेल, कोणाचे तरी आलेले विचारणे वाचले असेल. ‘आज सक्रिय’ असे दिसले म्हणून मुलगा दुसरीकडे पाहत आहे असे ठरवणे अन्यायाचे आहे. पण अपेक्षा आपोआप बदलत नाहीत. कोणीतरी त्या पानावर जाऊन, जुने काढून नवे निवडून, जतन करावे लागते. म्हणजे त्या घरात पुणे की खानापूर या प्रश्नावर बोलणे झाले होते, निर्णयही झाला होता, आणि तो आम्हाला सांगायचा तेवढा राहिला होता.

त्या रात्री मी बाबांशी बोलले आणि त्यांच्या संमतीने मुलाला एक निरोप लिहिला. त्यात पानावर काय पाहिले याचा उल्लेख मुद्दाम केला नाही, कारण मला त्यांना पेचात पकडायचे नव्हते. तो जसा होता तसा इथे उतरवते, कदाचित तुला कधी लागेल:

“नमस्कार. आपण आणि आपल्या घरच्यांनी आमच्याशी ज्या आपुलकीने वागणूक ठेवली त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. माझी नोकरी आणि पुण्यातले राहणे यांचा मेळ बसणे कठीण आहे, हे मी जाणते. आपल्याला पुण्यातच स्थायिक असलेली मुलगी हवी असेल तर त्यात काहीही गैर नाही आणि तसे स्पष्ट सांगितल्यास आम्हाला वाईट वाटणार नाही. पुढे जाण्याचा विचार असेल, तर नोकरीविषयीच्या तीन पर्यायांपैकी कोणता आपल्याला मान्य आहे ते येत्या रविवारपर्यंत कळवावे. रविवारपर्यंत काही कळले नाही, तर योग नाही असे समजून आम्ही दुसरीकडे पाहू लागू. आपल्याविषयी मनात कोणताही किंतु राहणार नाही.”

हा निरोप लिहिताना मी दोन गोष्टी सांभाळल्या. नकार देणे त्यांना सोपे जावे म्हणून नकाराचे कारण मीच त्यांच्या हाती दिले. आणि मौनाचा अर्थ काय घेतला जाईल, हे आधीच सांगून ठेवले. दिवस ठरवून दिला नसता तर आणखी एक ‘कळवतो’ आले असते आणि आम्ही दिवाळीपर्यंत तसेच थांबलो असतो.

उत्तर शनिवारी आले. “तुमचा स्पष्टपणा मला खरंच आवडला. घरी चर्चा चालू आहे, थोडा वेळ द्याल का?” किती वेळ, ते नव्हते. तीन पर्यायांचा उल्लेख नव्हता. हा माणूस खोटे बोलत नव्हता असे मला आजही वाटते. आईवडिलांना पुण्याची मुलगी हवी आणि स्वतःला मला दुखवायचे नाही, अशा दोन्हींच्या मध्ये तो उभा होता, आणि तिथून हलण्याचे त्याला धैर्य होत नव्हते. पण ज्या प्रश्नावर संसार उभा राहायचा आहे, त्यावर एवढ्या महिन्यांत एक वाक्य बोलता येत नसेल, तर उद्या त्याच प्रश्नावर घरात मतभेद झाले की माझ्या बाजूने कोण बोलणार? मला खरी काळजी वाटली ती ही.

सोमवारी बाबांनी चुलत्यांना फोन केला. म्हणाले, “पाहुणे, मुलीच्या नोकरीचा पेच सुटेल असं दिसत नाही. आपण दोघंही पुढं बघायला मोकळे होऊ. येणं-जाणं असू द्या.” पलीकडून क्षणभर काही आवाज आला नाही आणि मग चुलते म्हणाले, “तुम्हीच बोललात, बरं झालं. आम्हाला तोंड होत नव्हतं.” त्यांच्या आवाजातला ताण उतरलेला बाबांना स्पष्ट जाणवला. मुलाच्या आईने संध्याकाळी आईला फोन केला आणि दोघी बराच वेळ बोलल्या. मुलाने मला शुभेच्छांचा निरोप पाठवला. मी आभार मानले आणि तिथे थांबले.

यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. पूर्वी स्थळ मध्यस्थाच्या हातून येई. आपल्या आजोळी हे काम करणारे अण्णा तुला आठवत असतील. ते दोन्हीकडे चहा घेत आणि मुलाकडच्यांचा कल नाही असे दिसले की मुलीकडे येऊन, “यंदा योग दिसत नाही, दुसरं एक घर आहे माझ्या नजरेत,” असे म्हणून विषय बदलत. नकार कोणाच्याच तोंडून निघत नसे आणि तरी तो आठवड्याभरात पोचत असे. संकेतस्थळावर पहिल्या सूचनेला होकार-नकार देण्याची सोय आहे. तिथे नकार देणे सोपेही आहे, कारण समोरचे माणूस आपण पाहिलेले नसते. एकदा घरी येऊन पोहे खाल्ले, आईशी बोलले, की त्यानंतर नकार कोणाकरवी पाठवायचा याची काही व्यवस्था तिथे नाही. मग भिडस्त माणसे गोड बोलून दिवस काढतात. त्यांच्यात दोष आहे असे मी म्हणणार नाही. अण्णांचे काम कोणाला तरी करावे लागते, आणि कोणी करत नसेल तर ते मुलीकडच्यांनी करावे, त्यात कमीपणा मानू नये.

आता तुझ्याविषयी. नाव जरूर घाला. तुझी नोकरी कोल्हापूरच्या खाजगी कंपनीत आहे, राज्य ओलांडण्याची अडचण तुला माझ्याइतकी नाही, आणि निपाणी तर महामार्गावरच. तरीही मातृभाषेवरून शोध घ्यायचे विसरू नका आणि राज्याच्या रकान्यात दोन्ही राज्ये ठेवा. फोटो सर्वांना न दिसता फक्त ज्यांची सूचना आपण स्वीकारली त्यांनाच दिसेल अशी निवड तिथे आहे, ती करा. परिचयपत्रावर तुझा नंबर न देता काकांचा द्या.

एक गोष्ट मावशीला मुद्दाम सांग, कारण ती आणि आई दोघी एकाच विचाराच्या आहेत. बघण्याचा कार्यक्रम चांगला झाला की बाबांनी सभ्यता म्हणून माझी माहिती झाकून ठेवली, एका घरी बोलणे चालू असताना दुसऱ्याकडे पाहू नये म्हणून. भावना उत्तम आहे. पण झाकलेल्या काळातही भरलेल्या पैशांची मुदत चालूच राहते, आणि आमची तीन महिन्यांची मुदत त्या वाट पाहण्यातच संपली. मुलाकडच्यांनी आपल्याला तारीख देऊन घर पाहायला बोलावले आणि आपण जाऊन आलो, की मगच झाकावी. तोवर नवी विचारणा आली तर ‘एके ठिकाणी बोलणे चालू आहे, थोडे थांबावे’ असे खरे सांगून ठेवावे, लोक थांबतात.

आणि जो प्रश्न तुझ्यासाठी अडणारा असेल तो पहिल्याच भेटीत विचार. माझा नोकरीचा होता. तुझा, मला वाटते, काकांच्या तब्येतीचा असेल, कारण तू एकुलती आहेस आणि लग्नानंतरही त्यांच्या औषधपाण्याकडे तुलाच पाहायचे आहे. ‘त्यांचं आम्ही बघूच की’ एवढ्यावर समाधान मानू नकोस. महिन्याचे पैसे कोण देणार, दवाखान्यात नेण्यासाठी तू माहेरी येऊन राहिलीस तर चालेल का, असे मोजके विचार. उत्तर लगेच मिळाले नाही तरी चालेल, पण कधी मिळेल ते ठरवून घे.

माझे खाते बाबांनी पुन्हा उघडले आहे. या वेळी माहितीतच पहिल्या ओळीत लिहिले आहे, की मुलगी कर्नाटक सरकारच्या सेवेत असून नोकरी चालू ठेवणार आहे. विचारणा कमी झाल्या आहेत, पण ज्या येतात त्या हे वाचून येतात. बेळगावच्या अनगोळचे एक स्थळ आहे, मुलगा उद्यमबागेत कारखान्यात आहे. पत्रिका दिली आहे, अजून बघणे झालेले नाही.

गौरीला तुम्ही येणारच आहात, तेव्हा तुझी जन्मवेळ लिहिलेला दवाखान्याचा कागद आणि दोन-तीन साधे फोटो घेऊन ये. आरती झाली की आपण बाबांच्या संगणकावर बसून तुझी माहिती एकत्र भरू. मावशी आणि काकांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
आक्का